बाळाला टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो आहे असं कळलंय? निळं पडण्याचे स्पेल आणि ऑपरेशनची वेळ, सगळं एकेक करून

आमची चिऊ चार महिन्यांची होती, सकाळी साडेसातची वेळ, सासूबाईंनी पायावर घेऊन तिला तेल लावून अंघोळ घातली, नेहमीसारखी रडली पण यावेळी रडणं थांबेचना आणि बघता बघता ओठ जांभळाच्या रंगाचे झाले, जीभ पण तशीच, आणि श्वास असा भराभरा खोल की पोट आत-बाहेर होताना दिसत होतं. तिला टेट्रॉलॉजी, म्हणजे हृदयाचा जन्मजात दोष, आहे हे आम्हाला आधीच माहीत होतं, इको झालेला होता, फाईल कपाटात होती, पण असं झालं तर हाताने नेमकं काय करायचं हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं नव्हतं. आता चिऊ सहा वर्षांची आहे. ज्यांच्या हातात नुकताच इकोचा रिपोर्ट आलाय त्यांच्यासाठी लिहितेय, मला तेव्हा ज्या क्रमाने कळायला हवं होतं त्याच क्रमाने. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचे डोस मी लिहिणार नाही, ते तुमच्या बाळाच्या वजनावर ठरतात आणि तुमचे डॉक्टरच सांगतील.

आधी हा आजार नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे

रिपोर्टमध्ये चार गोष्टी लिहिलेल्या असतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, शरीराला रक्त नेणारी मोठी धमनी म्हणजे महाधमनी जागेवरून सरकून बरोब्बर त्या छिद्राच्या वर बसलेली, आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड. चार दोष वाचून आमचे पाय लटपटले होते. मग डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं की ही चूक मुळात एकच आहे. पोटात हृदय तयार होताना मधल्या पडद्याचा वरचा तुकडा थोडा पुढे सरकून बसतो, तो सरकला म्हणून खाली छिद्र राहतं, तो सरकला म्हणूनच फुप्फुसाची वाट चेपली जाते आणि महाधमनी छिद्रावर येते. चौथी गोष्ट, जाड भिंत, ही तर परिणाम आहे, चेपलेल्या वाटेतून रक्त ढकलून ढकलून तो स्नायू पैलवानासारखा जाड होतो. फ्रान्समधल्या मार्सेय गावच्या फॅलो नावाच्या डॉक्टरांनी 1888 मध्ये हे चारही एकत्र मांडलं म्हणून त्यांचं नाव. प्रेग्नन्सीत पपई खाल्ली, ग्रहण पाळलं नाही, असलं काही याला कारण नसतं, हे घरातल्या मोठ्यांना एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवाच, नाहीतर वर्षभर आईलाच बोल लागतो.

आता रंगाचं. ज्यांनी शेतात दारं धरलंय त्यांना हे लगेच कळेल. पाटाचं पाणी दोन सऱ्यांकडे जातंय, एक सरी फुप्फुसाची, एक शरीराची. फुप्फुसाच्या सरीच्या तोंडाशी गाळ साचलाय, तर पाणी तिकडे कमी जाणार आणि दुसऱ्या सरीत जास्त. तसंच ऑक्सिजन न घेतलेलं काळपट रक्त छिद्रातून सरळ महाधमनीत जातं आणि बाळ निळसर दिसतं. गाळ किती आहे त्यावर बाळ किती निळं ते ठरतं. काही बाळं जन्मल्यावर मस्त गुलाबी असतात, आमची पण होती, सॅच्युरेशन 93, दीड महिन्याच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना छातीत आवाज ऐकू आला म्हणून इको केला तेव्हा कळलं.

पण यातली खरी मेख ही की हा गाळ म्हणजे मुख्यतः स्नायू आहे, फुप्फुसाच्या वाटेवरच्या व्हॉल्व्हच्या खालचा जिवंत स्नायू. तो बाळाबरोबर वाढतो, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत बरं वाटणारं बाळ पुढे हळूहळू निळं होत जातं. आणि तो आवळतो सुद्धा. रडणं, शी करताना कुंथणं, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, सकाळी उठल्या उठल्या भुकेलं असताना चिडणं, अशा वेळी वाट अचानक जवळजवळ बंद होते आणि रक्त फुप्फुसाकडे जायचं थांबतं. त्यालाच स्पेल म्हणतात.

स्पेल ओळखायचा कसा

हाताची बोटं, तळपाय थंडीत निळसर होणं हे पुष्कळ निरोगी बाळांत पण होतं, त्यावरून घाबरू नका. जीभ आणि ओठांची आतली बाजू बघा. सावळ्या बाळाच्या कातडीवर रंग फसवतो, जीभ आणि हिरड्या फसवत नाहीत. मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, खिडकीच्या उजेडात, बाळ शांत असताना, जिभेचा नेहमीचा रंग दिसेल असा, म्हणजे घाबरल्यावर तुलना करता येते.

दुसरी खूण श्वासाची. काही निरोगी मुलं हट्टाने रडता रडता श्वास रोखून धरतात आणि निळी पडतात, तिथे श्वास थांबलेला असतो. टेट्रॉलॉजीच्या स्पेलमध्ये उलट, श्वास थांबत नाही, तो भरभर आणि खोल चालतो, बाळ आधी खूप चिडचिडं आणि मग सुस्त, लुळं पडतं. स्पेलमध्ये छातीतला तो आवाज कमी होतो ही एक गंमतशीर गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, कारण आवाज अरुंद वाटेतून जाणाऱ्या रक्ताचा असतो आणि तेव्हा तिथून रक्तच जात नसतं. म्हणजे एखाद्या तपासणीत आवाज बारीक झालाय म्हटलं की बरं झालं असं नाही समजायचं.

घरी पल्स ऑक्सिमीटर घेणार असाल तर मोठ्या माणसाच्या बोटाचं घेऊ नका, तान्ह्या बाळाच्या पायाला गुंडाळायचा वेगळा प्रोब येतो. आणि आकडा बघत बसून वेळ घालवू नका, जीभ निळी दिसली की हात चालवायचे.

स्पेल आला तर

पहिलं काम, दोन्ही गुडघे छातीशी. बाळाला खांद्यावर घ्या, त्याची छाती तुमच्या छातीला लावून, आणि एका हाताने त्याचे दोन्ही पाय मुडपून गुडघे त्याच्या पोटाशी घट्ट धरा. किंवा उताणं झोपवून गुडघे छातीवर दाबून धरा. घट्ट म्हणजे मांड्या पोटाला टेकल्या पाहिजेत, पण छातीवर एवढा भार नको की श्वासच घेता येणार नाही. याने काय होतं, तर पायाकडच्या रक्तवाहिन्या मुडपल्या जातात, शरीराच्या सरीचं तोंड थोडं अडवलं जातं आणि पाणी परत फुप्फुसाच्या सरीकडे वळतं. पूर्वी ऑपरेशन न झालेली मोठी मुलं खेळता खेळता दमली की आपणहून उकिडवी बसायची, ते हेच. त्यांना कोणी शिकवलेलं नसायचं.

दुसरं, बाळाला शांत करा. तुमचा आवाज, छातीची ऊब, तोंडात चोखणी. घरातले सगळे भोवती गोळा होऊन ओरडत असतील तर त्यांना खोलीबाहेर पाठवा. चिमटे काढू नका, तोंडावर पाणी मारू नका, कांदा हुंगवू नका, उलटं धरून पाठीवर थोपटू नका, अर्धवट शुद्धीतल्या बाळाच्या तोंडात पाणी किंवा मध घालू नका. आमच्याकडे कांदा फोडून झाला होता, सासूबाई बिचाऱ्या जिवाच्या आकांताने धावत होत्या, तेव्हा शेजारच्या काकूंनी, त्या नर्स होत्या, चिऊला माझ्या हातात देऊन म्हटलं, "आधी पाय मुडप तिचे, पोटाला लाव, आणि तू रडू नकोस, तुझं रडणं तिला कळतंय."

तिसरं, दवाखाना. पहिलाच स्पेल असेल तर दोन मिनिटांत थांबला तरी त्याच दिवशी बाळाला दाखवायचंच. पाचेक मिनिटांत कमी झाला नाही, किंवा बाळ लुळं पडलं, डोळे फिरवले, झटका आला, तर थांबून बघायचंच नाही, 108 लावा किंवा मिळेल त्या गाडीने निघा आणि वाटेत गुडघे सोडू नका. श्वासच थांबला तर सीपीआर, तो तान्ह्या बाळाला कसा द्यायचा हे तुमच्या कार्डियाक सेंटरच्या नर्सकडून आधीच बाहुलीवर शिकून घ्या, आई-बाबा दोघांनी आणि घरी बाळाजवळ राहणाऱ्या तिसऱ्या माणसाने सुद्धा.

दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य हे बोला: "टेट्रॉलॉजीचं बाळ आहे, स्पेल आलाय." हे एवढ्यासाठी लिहितेय की आम्ही जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं तर तिथे भराभर श्वास बघून दम लागलाय म्हणून नेब्युलायझर लावायची तयारी सुरू झाली. दम्याचं ते औषध हृदयाची धडधड वाढवतं आणि स्पेलमध्ये तेच नको असतं. तसंच लघवी जास्त होण्याचं औषध पण इथे उलटं पडतं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की स्पेल वाढतो. नवऱ्याने फाईल पुढे केली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लगेच दिशा बदलली, ऑक्सिजन लावला, सलाईनने पाणी भरलं, बाळ झोपवणारं इंजेक्शन दिलं, आणि अर्ध्या तासात जीभ परत गुलाबी. मोठ्या ठिकाणी मॉर्फिन, हृदयाचे ठोके कमी करणारी इंजेक्शनं, शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळणारं औषध असं पायरीपायरीने देतात. म्हणून एक कागद लॅमिनेट करून बॅगेत ठेवा: आजाराचं नाव, नेहमीचं सॅच्युरेशन, चालू औषधं, वजन, हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर.

ऑपरेशनपर्यंतचे महिने

स्पेल येऊन गेला की किंवा यायची शक्यता दिसली की प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषध सुरू करतात. ते तो आवळणारा स्नायू सैल ठेवायला मदत करतं. वाट मोठी करत नाही, फक्त वेळ मिळवून देतं, हे लक्षात ठेवा. तान्ह्या बाळांसाठी बऱ्याचदा गोळीची पूड करून पुड्या मिळतात, वेळा चुकवायच्या नाहीत, मनाने एकदम बंद करायचं नाही. आणि एक महत्त्वाचं, याने रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून दूध पाजूनच द्यायचं, आणि बाळ दूध पीत नसेल, उलट्या होत असतील तर डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन.

दुसरी गोष्ट, जी आमच्याकडे जवळजवळ निसटली होती, हिमोग्लोबिन. चिऊचं आलं 9.8. नेहमीच्या बाळासाठी हे थोडंसंच कमी, लॅबवाला पण म्हणाला ठीक आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी मात्र कपाळाला हात लावला. ज्या बाळाचं सॅच्युरेशन 80 च्या आसपास आहे त्याचं शरीर तूट भरून काढायला जास्त हिमोग्लोबिन बनवतं, ते 15 च्या पुढे असायला हवं, तिथे 9.8 म्हणजे चांगलाच ॲनिमिया, आणि लोह कमी असलं की स्पेल जास्त येतात. वर, हिमोग्लोबिन कमी असल्याने निळेपणा डोळ्यांना कमी दिसतो, त्यामुळे बाळ बरं आहे असं आपल्याला वाटत राहतं. लोहाचे थेंब सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांत ते 13 वर गेलं आणि स्पेल पण विरळ झाले.

जुलाब-उलट्या या बाळांना साध्या नसतात. रक्त आधीच दाट, त्यात पाणी कमी झालं की गुठळीची भीती. ओआरएस लगेच, आणि त्याच दिवशी डॉक्टर. लसी सगळ्या वेळेवर द्या, हृदयाचा आजार आहे म्हणून लस टाळायची नसते. अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात, पोट भरलेलं असताना नाही पण फार भुकेलंही नसताना. आम्ही सकाळची अंघोळ सोडून दुपारची केली.

ऑपरेशन कधी

सगळ्यांचा अडकायचा मुद्दा हाच. आपल्याकडे नातेवाईक आणि कधीकधी गावचे डॉक्टर सुद्धा म्हणतात, "दहा किलो होऊ दे मग बघू." मी हे मनापासून सांगते, हा सल्ला जुना झालाय. बाळ फारसं निळं नाही, स्पेल नाहीत, वजन वाढतंय, तर पूर्ण ऑपरेशन साधारण 6 ते 12 महिन्यांच्या मध्ये करतात, काही सेंटर त्याच्याही आधी, तीन-चार महिन्यांनंतर करतात. स्पेल येत असतील किंवा सॅच्युरेशन घसरत चाललं असेल तर तारीख वय बघून ठरत नाही, ऑपरेशन लवकर उरकलं जातं. स्पेल आला म्हणजे घड्याळ सुरू झालं असं समजा आणि त्याच आठवड्यात सर्जनची भेट मागा.

उशीर का नको? तो स्नायू अजून जाड होतो, आत चट्टे पडायला लागतात. काळपट रक्त फुप्फुसाची चाळणी टाळून सरळ वर जातं, त्यामुळे गुठळी किंवा जंतू मेंदूपर्यंत जाऊ शकतात. आणि एखादा स्पेल जीवच घेऊ शकतो, हे लिहायला हात जड होतो पण खरं आहे.

मग पहिल्याच महिन्यात का नाही? फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या फार बारीक असतात, व्हॉल्व्ह वाचवणं अवघड जातं, आयसीयूतले दिवस वाढतात. त्यामुळे लहान वयात फार निळं झालेलं बाळ, फुप्फुसाच्या धमनीच्या फांद्या बारीक, वजन फार कमी, किंवा हृदयाची स्वतःची एखादी रक्तवाहिनी नेमकी जिथे कापायचं तिथूनच आडवी गेलेली, अशा वेळी काही सेंटर दोन टप्पे करतात. आधी शंट, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या धमनीतून फुप्फुसाच्या धमनीला तीन-चार मिलिमीटरची नळी जोडायची, काही ठिकाणी त्याऐवजी कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून, वाट उघडी ठेवणारी जाळी म्हणजे स्टेंट. 1944 मध्ये बाल्टिमोरला पहिल्यांदा असा शंट झाला, ब्लेलॉक, टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांची ती कामगिरी, आणि निळ्या बाळांना पहिल्यांदा वाट मिळाली ती तिथून. शंट झालेल्या बाळाला ॲस्पिरिन चालू असतं आणि त्याला डिहायड्रेशन अजिबात चालत नाही, नळी बंद पडू शकते. पूर्ण ऑपरेशन नंतर करायचंच असतं, शंट म्हणजे काम झालं असं नाही.

म्हणून सर्जनला हे विचारा: फुप्फुसाच्या फांद्यांचा साईझ कसा आहे, हृदयाची रक्तवाहिनी आडवी जातेय का (यासाठी कधी सीटी अँजिओ लागतो), व्हॉल्व्ह वाचेल का, एका टप्प्यात की दोन. आणि 22q11, म्हणजे बाळाच्या 22 नंबरच्या गुणसूत्राचा छोटा तुकडा कमी आहे का ते बघणारी जेनेटिक टेस्ट, करायची का तेही विचारा, काही बाळांत ती अडचण सोबत असते, तेव्हा कॅल्शियम आणि ऑपरेशनच्या वेळचं रक्त यांची वेगळी काळजी घ्यावी लागते.

पैशांचं पहिल्या दिवसापासून बघा. अंगणवाडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नाव घालता येतं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात ते कागद सांगतात, आणि खारघरचं श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटल मुलांची हृदयाची ऑपरेशनं मोफत करतं. रेशनकार्ड, आधार, जन्मदाखला यात नावाचं स्पेलिंग एकसारखं करून ठेवा, आमचे आठ दिवस एका काना-मात्रेत गेले.

ऑपरेशन आणि नंतर

चिऊचं सातव्या महिन्यात झालं, वजन 6.4 किलो. छाती मधून उघडतात, हार्ट-लंग मशीनवर ठेवतात. चारपैकी दोनच गोष्टी दुरुस्त करतात. छिद्रावर पॅच असा तिरका शिवतात की महाधमनी पूर्ण डाव्या कप्प्याच्या बाजूला जाते, म्हणजे तिसरी गोष्ट आपोआप सुटली. आणि चेपलेली वाट मोकळी करतात, जास्तीचा स्नायू कापून, लागलं तर व्हॉल्व्हवरूनच आडवा पॅच लावून वाट रुंद करतात. जाड भिंत मग जोर कमी झाल्यावर हळूहळू उतरते.

आयसीयूत तिला बघायला गेले तेव्हा पहिल्यांदा तिची नखं गुलाबी दिसली, मी तीच धरून बसले. तिसऱ्या दिवशी छातीत पाणी साठलं, नळी दोन दिवस जास्त ठेवली, ठोके मध्येच अनियमित झाले, हे दोन्ही या ऑपरेशननंतर बरेचदा होतं आणि बहुतेकदा आवरतं. अकराव्या दिवशी घरी. सहा आठवडे बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही, छातीचं हाड जुळत असतं, एक हात मानेखाली आणि एक ढुंगणाखाली घालून उचलायचं. पायावर घेऊन मालिश पण तोपर्यंत बंद. ताप, जखमेतून पाणी, श्वास भरभर, डोळे-पाय सुजणं, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर लगेच फोन. ऑपरेशनमध्ये रक्त चढवलेलं असतं त्यामुळे गोवराची लस थोडी पुढे ढकलतात, तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.

आणि फॉलोअप आयुष्यभराचा आहे. व्हॉल्व्हवर पॅच लावलेल्या मुलांत ती वाट आता उलटी गळते, उजवा कप्पा वर्षानुवर्षं फुगत जातो आणि मूल मात्र पळत-खेळत असतं, काही जाणवत नाही. म्हणून दरवर्षी इको, मोठेपणी एमआरआय, आणि किशोरवयात किंवा पुढे कधीतरी फुप्फुसाचा नवीन व्हॉल्व्ह लागू शकतो, काहींना तो कॅथेटरनेही बसतो. दर वेळी इकोवाल्यांना एकच विचारते मी, गळती किती आणि उजवा कप्पा मागच्या वेळेपेक्षा वाढला का, आणि दोन्ही उत्तरं तारखेसकट एका वहीत लिहिते. ती वही मोठेपणी चिऊला द्यायची आहे, कारण तेव्हा डॉक्टर बदललेले असतील आणि तिच्या हृदयात काय शिवलंय हे तिलाच सांगावं लागेल.